मूल्यांकनाचे अंक आणि अनुक्रमाचा भ्रम

केंद्र सरकारच्या कार्यालयांतील गोपनीय अहवाल हा फार दिवस नावाप्रमाणेच गोपनीय होता. वर्षअखेरीस वरिष्ठ अंमलदार आपल्या हाताखालच्या माणसाविषयी ‘उत्कृष्ट’, ‘अतिशय चांगला’, ‘चांगला’, ‘साधारण’ यांपैकी एखादा शेरा नोंदवून तो दप्तरात बंद करी, आणि शेरा प्रतिकूल असल्याखेरीज ज्याच्याविषयी तो लिहिला गेला त्याला त्याचा थांगही लागत नसे. २००९ साली हा शिरस्ता दोन बाजूंनी बदलला: मे महिन्याच्या हुकुमाने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखविणे आवश्यक ठरले, आणि जुलैमधील हुकुमाने विशेषणांच्या जोडीस एक ते दहा अंकांची पट्टी आली. अहवालाचे नावही वार्षिक कार्यमूल्यांकन अहवाल असे झाले. अहवाल उघड करणारा आणि अंक देणारा असे हे दोन बदल एकाच वर्षी घडल्यामुळे जो गैरसमज उपजला, तो नव्याने नोकरीत येणाऱ्या प्रत्येक तुकडीत आजही आढळतो: हाती पडलेला अंक म्हणजे कचेरीतील आपला क्रमांक होय, ही समजूत.

या समजुतीस कारणे आहेत. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीच्या छायेत वाढलेल्या समाजाला, दशांशापर्यंत काढलेला अंक दिसला की त्यामागे उभी असलेली रांगही दिसू लागते. दुसरे कारण अधिक ठोस असून ते जुन्या नियमांतच होते. निवडीच्या पदांसाठी पूर्वी विभागीय पदोन्नती समिती उमेदवारांची प्रतवारी करी आणि ‘उत्कृष्ट’ ठरलेला कनिष्ठ, ‘अतिशय चांगला’ ठरलेल्या ज्येष्ठाला ओलांडून बढती मिळवू शके; म्हणजे शेरा खरोखरच माणसांना पुढेमागे करीत असे. फेब्रुवारी २००२ च्या हुकुमाने ती पद्धत बंद झाली. तेव्हापासून समिती एवढेच ठरविते की उमेदवार विहित किमान श्रेणीस पोहोचतो की नाही. पोहोचलेले सारे ‘योग्य’, न पोहोचलेले ‘अयोग्य’, आणि योग्य ठरलेल्यांचा यादीतील क्रम त्यांच्या ज्येष्ठतेप्रमाणेच. नियम पालटला, परंतु कचेऱ्यांच्या स्मरणात जुनी ओलांडाओलांड तशीच राहिली, आणि सात वर्षांनी आलेल्या अंकांवर तिची छाया पडली.

अंक कसा बनतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. एकाच विभागात दोन कार्यकारी अभियंते आहेत, एक ज्येष्ठ, दुसरा कनिष्ठ. प्रतिवेदन अधिकारी प्रत्येकाला तीन अंगांनी तपासतो: वर्षभरात पार पडलेले काम, वैयक्तिक गुण आणि हुद्द्याला लागणारे कार्यकौशल्य. पहिल्या अंगाला शेकडा ४० भार आहे, उरलेल्या दोहोंना प्रत्येकी ३०. ज्येष्ठाला अनुक्रमे ७, ८ आणि ७ अंक मिळाले, तर २.८, २.४ आणि २.१ मिळून त्याचा एकूण अंक ७.३ होतो, कनिष्ठाला ८, ७ आणि ८ मिळाले, तर ३.२, २.१ आणि २.४ मिळून ७.७ होतो. येथे कनिष्ठ चार दशांशांनी पुढे गेला असे वाटते. परंतु सहापासून आठच्या आतील प्रत्येक अंक ‘अतिशय चांगला’ या एकाच श्रेणीत मोडतो आणि पदोन्नतीच्या हिशेबासाठी तो सात असाच धरला जातो. आठ ते दहा म्हणजे ‘उत्कृष्ट’, हिशेबात नऊ. चार ते सहाच्या आत ‘चांगला’, हिशेबात पाच. आणि चारच्या खाली शून्य. अधीक्षक अभियंत्याच्या पदाला ‘अतिशय चांगला’ ही किमान श्रेणी लागत असेल, तर दोघेही ती ओलांडतात, आणि समितीने स्वतःच्या पडताळणीत दोघांना योग्य ठरविल्यास ज्येष्ठाचेच नाव आधी लागते. कनिष्ठाला ७.७ ऐवजी ८.२ मिळाले असते तरी हा क्रम हलला नसता.

कर्मचाऱ्यांना ही गोष्ट सांगताना एक अवघड भाग टाळून चालणार नाही. याच पद्धतीच्या सूचनांत असे म्हटले आहे की अंक देताना अधिकाऱ्याने संबंधित व्यक्तीला आपल्या हाताखालच्या समकक्षांच्या मोठ्या समुदायाशी ताडून पाहावे. तेव्हा तुलना मुळीच नाही, असे सांगणे अप्रामाणिक ठरेल. परंतु ही तुलना एका खोलीतील चौघांना ओळीने उभे करण्यासाठी नसून पट्टी स्थिर राहावी, एका अधिकाऱ्याचा सात आणि दुसऱ्याचा सात यांचा अर्थ शक्यतो एक असावा, यासाठी आहे. म्हणूनच नऊ-दहा किंवा एक-दोन हे अंक विरळा द्यावेत आणि दिल्यास विशिष्ट कामगिरीचे वा विशिष्ट अपयशाचे कारण लेखी नमूद करावे, अशी अपेक्षा आहे. मात्र अमुक टक्के लोकांना खालच्या श्रेणीत घातलेच पाहिजे असे बंधन नाही. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने जॅक वेल्च यांच्या कारकिर्दीत वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळाचे १० अशी जी सक्तीची विभागणी रूढ केली, ती खरी क्रमवारी होती, कारण तेथे एकाचे वर जाणे दुसऱ्याच्या खाली येण्याविना शक्य नव्हते. आपल्या पट्टीवर एका विभागातील सर्वजण सातवर असू शकतात.

मग कर्मचाऱ्याने अंकात काय वाचावे? याचे उत्तर देव दत्त यांच्या खटल्यात सापडते. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील या कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ या वर्षासाठी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी मात्र पाचही वर्षे ‘अतिशय चांगला’ लागत होता. शेरा प्रतिकूल नाही म्हणून तो त्यांना कळविला गेला नाही, आणि बढतीचा विचार झाला तेव्हा तोच आड आला. २००८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की किमान मर्यादेच्या खाली राहणारी नोंद, तिचे शब्द कितीही गोड असले तरी, परिणामाने प्रतिकूलच असते, आणि प्रत्येक नोंद कळविलीच पाहिजे. या निकालाचा बोध असा की प्रश्न देव दत्त कोणाच्या मागे होते हा नव्हता. ते मर्यादेच्या किती खाली होते आणि ते त्यांना सांगितले गेले का, हा होता.

त्यामुळे अंक समजावून देताना अधिकाऱ्याने तीन गोष्टी एकत्र सांगाव्यात: एकूण अंक, पुढच्या पदासाठी लागणारी किमान श्रेणी, आणि ज्या अंगाने अंक खाली ओढला त्यामागचा लेखी अभिप्राय. सर्वांचे अंक उतरत्या क्रमाने मांडलेला कागद कधीही फिरवू नये. कारण नियमात नसलेली रांग त्या एका कागदाने निर्माण होते. गैरसमज मुरला आहे की नाही हे अभिवेदनांवरून ओळखता येते. अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कर्मचाऱ्याला हरकत घेता येते. त्या अर्जात आपल्या कामाचे दाखले देण्याऐवजी शेजाऱ्याचा अंक उद्धृत केलेला असेल, तर अंक रांगेतील जागा म्हणून वाचला जात आहे असे समजावे. दुसरी खूण अधिक घातक असते: असल्या तक्रारी टाळण्यासाठी अधिकारी सर्वांनाच नऊच्या वर नेऊन बसवितो, आणि मग ज्याला खरोखर सुधारणेची गरज आहे त्याला ते सांगणारा कागदच उरत नाही.

म्हणून अहवाल हाती येईल तेव्हा शेजारच्या मेजाकडे पाहण्याआधी त्यातील अभिप्राय वाचावा, किमान श्रेणी विचारून घ्यावी, आणि नोंद अन्यायाची वाटल्यास स्वतःच्या कामाच्या पुराव्यानिशी मुदतीच्या आत अर्ज करावा.