थर्टी फर्स्टचा हिशेब गुढीपाडव्याला

समजा, लग्नाला दोन वर्षं झालीत आणि आता बाळ हवंय. तुम्ही दोघंही हिंजवडीत नोकरीला. शुक्रवारी-शनिवारी बाणेरला मित्रांसोबत बसणं ठरलेलं. 'रोज थोडीच पितो, फक्त वीकेंडला!' हे तुमचं नेहमीचं उत्तर.

आता हिशेब करू. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत (८ टक्के) साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. दोन रात्री दोन-दोन बाटल्या, म्हणजे आठवड्याला सुमारे १६४ ग्रॅम. डेन्मार्कमध्ये १२ ग्रॅमचं एक ड्रिंक धरतात. त्या मापाने ही झाली जवळपास १४ ड्रिंक्स. तिथल्या १,२२१ तरुणांचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमी आठवड्याला पाचपेक्षा जास्त ड्रिंक्स घेणाऱ्यांमध्येच शुक्राणूंचा दर्जा घसरलेला दिसू लागला होता आणि २५च्या पुढे ही घसरण ठळक होती. अर्थात, हा संबंध आहे, पुरावा नव्हे.

शरीरात होतं काय? जास्त दारूमुळे मेंदूकडून अंडकोशांना जाणारे हार्मोन्सचे संदेश मंदावतात आणि टेस्टोस्टेरॉन कमी बनतं. त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्येही बदलतं. परिणामी शुक्राणूंची संख्या, आकार आणि हालचाल बिघडू शकते.

गंमत अशी, की एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला जवळजवळ तीन महिने लागतात. म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास आलेल्या सीमेन रिपोर्टमध्ये डिसेंबरअखेरच्या पार्ट्याही दिसू शकतात. टेस्टआधी दोन दिवस दारू बंद करून काहीच साधत नाही. (दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळायला सांगतात, ते वेगळ्या कारणासाठी.) एका रिपोर्टवर निष्कर्षही काढू नका, आकडे दर वेळी बदलतात, म्हणून डॉक्टर टेस्ट पुन्हा करायला सांगतात.

आणि फक्त 'त्याच्या'कडे बोट दाखवू नका. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेशही दारूने गडबडतात. मग एखाद्या महिन्यात बीज बाहेरच पडत नाही, पाळी पुढे-मागे होते किंवा चुकते. पाळी सतत २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येत असेल, तर तारखा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कारण थायरॉइड किंवा पीसीओएसही असू शकतं. पण पाळी चुकली म्हणजे 'दारूमुळेच' असं समजून प्रेग्नन्सी टेस्ट टाळू नका. गरोदरपणात दारूचं सुरक्षित प्रमाण कुठलंच नाही. त्यामुळे बाळासाठी प्रयत्न सुरू झाले, की तिने दारू पूर्ण थांबवणंच बरं.

दिलासा असा, की दारू थांबवली तर नवे शुक्राणू नव्या वातावरणात घडतात आणि तीन महिन्यांनी बऱ्याच जणांचा रिपोर्ट सुधारतो. वर्षानुवर्षं भरपूर प्यायल्यावर मात्र ही भरपाई पूर्ण होईलच असं नाही. रोज पिणाऱ्यांनी एकदम सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. हात थरथरणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात.

दिवाळीनंतर टेस्ट करायची आहे? मग दारू गणपतीच्या आधीच थांबवा. दोघांनीही!