बीट खाल्लं आणि लघवी लाल झाली

रात्री वाटीभर बिटाची कोशिंबीर खाल्ली आणि सकाळी लघवी गुलाबी दिसली, की छातीत धस्स होतंच. हा रंग बहुधा बीटानिनचा, म्हणजे बीट चिरताना बोटांना लागतो त्याच रंगद्रव्याचा. बऱ्याच जणांच्या पोटात ते विरघळून रंग गमावतं. साधारण दहातल्या एखाद्याच्या शरीरात मात्र ते तसंच रक्तात शोषलं जातं आणि मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात. शोषलं न गेलेलं शौचाला लालसर करतं. अंगात लोह कमी असेल तर लघवी रंगण्याची शक्यता वाढते, म्हणून दर वेळी असं होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

मग रक्त ओळखायचं कसं? बीट बंद करा. एक-दोन दिवसांत रंग गेला पाहिजे. बद्धकोष्ठ असेल तर शौचाचा थोडा उशिरा जाईल. तरीही राहिला, किंवा बीट खाल्लंच नव्हतं, तर लघवीची तपासणी करा. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या तांबड्या पेशी दिसतात; बिटाच्या लघवीत त्या नसतात. गुठळ्या, जळजळ, चक्कर किंवा डांबरासारखी काळी चिकट शौच असेल तर वाट न पाहता डॉक्टरकडे जा. वेदना नाहीत म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. मूत्राशयाच्या कर्करोगातलं रक्त पुष्कळदा न दुखताच येतं.