हातउसने परत मागताना

मित्राला दिलेले पैसे मागायचे असले की आपली भाषा एकदम पातळ होते. ‘अरे, ते आपलं जरा जमलं तर बघ ना, घाई नाही.’ या वाक्यात रक्कम नाही, तारीख नाही, आणि ‘घाई नाही’ असं आपणच सांगून टाकलंय. त्यावर ‘हो रे, बघतो’ याखेरीज दुसरं उत्तर येणार तरी कसं? मग दोन महिने तसेच जातात, आणि एके दिवशी त्याच्या महाबळेश्वरच्या फोटोखाली सगळ्या ग्रुपदेखत आपण लिहितो, ‘मजा आहे बुवा एका माणसाची!’ मैत्री नासते ती बहुधा इथे. सरळ मागण्याने ती क्वचितच तुटते.

समजा, जूनमध्ये मुलीच्या फीसाठी त्याला पंधरा हजार दिले आणि आता नोव्हेंबर उजाडला. निरोप फक्त त्याला, पगार झाल्यावर दोन-तीन दिवसांत, असा धाडावा: ‘अरे, जूनमध्ये फीसाठी दिलेले १५,००० मला या महिन्यात लागतील, २५ तारखेला गाडीचा विमा भरायचाय. एकदम जमत नसेल तर पाच-पाच हजार करून दे. पहिले पाच कधी टाकशील?’

यात रक्कम आणि महिना असल्यामुळे ‘कुठले पैसे?’ हा प्रश्न उरत नाही. कारण एकच आहे आणि ते खरं असावं. आईच्या ऑपरेशनची थाप मारलीत तर तो डबा घेऊन घरी येईल! हप्त्यांची वाट ठेवल्यामुळे हात आखडलेल्या माणसाला तोंड लपवावं लागत नाही. शेवटचा प्रश्न ‘देशील का’ असा नसून ‘कधी’ असा आहे, हे महत्त्वाचं. ‘सॉरी, मागायला बरं वाटत नाही’ हे मात्र गाळा. पैसे आपलेच आहेत.

तरीही ‘बघतो’च आलं, तर तारीख आपण सुचवावी: ‘बरं, मग सात तारखेला पाच टाक.’ सात तारीख कोरडी गेली तर पुन्हा टाइप करत बसू नये, फोन करावा. लेखी शब्दांत नसलेला राग वाचला जातो.

रक्कम मोठी असेल तर एक हिशेब मनात असू द्या. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दाव्याची मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षांची असते. त्याआत त्याने सहीनिशी येणं मान्य केलं, तर मुदत नव्याने सुरू होते. संकोचात तीन वर्षं सहज निघून जातात.

आणि पैसे सोडायचंच ठरवलं, तर तेही त्याला सांगावं, नाहीतर तो लग्नकार्यातही आपल्याला चुकवत राहतो. ‘त्या पैशांचा विषय मी संपवलाय. रविवारी ये जेवायला.’