कोपऱ्यातल्या बाकावरचा उजेड

आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असा शाळेचा वर्ग घेऊ. बाकांवर सरासरी ३०० लक्स उजेड हवा, म्हणजे दर चौरस मीटरवर ३०० ल्युमेन प्रकाश. वर्ग ४८ चौरस मीटरचा, तेव्हा बाकांवर १४,४०० ल्युमेन पोचले पाहिजेत. दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश मात्र तिथे येत नाही. काही दिव्याच्या झाकणात अडतो, काही भिंती आणि छत शोषून घेतात. पांढरा रंग दिलेल्या वर्गात सुमारे ६० टक्के पोचतो, असं धरू. शिवाय दिवे जुने होतात, त्यांवर धूळ बसते, त्यासाठी ०.८ चा गुणक. १४,४०० ला ०.६ आणि ०.८ या दोन्हींनी भागलं की ३०,००० ल्युमेन येतात.

४० वॅटचे, प्रत्येकी ४,००० ल्युमेन देणारे आठ एलईडी दिवे दोन ओळींत लावले, तर सरासरी ३२० लक्स पडते आणि वीज लागते चौरस मीटरला ६.७ वॅट. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत शाळांसाठी मूळ मर्यादा ११.२ वॅटची आहे. कागदावर दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. बरीच आकडेमोड इथेच थांबते, आणि मला तीच खटकते.

कारण आपल्या वर्गात पंखे असतात. दिवा पात्यांच्या वर राहिला, तर वहीवर सावल्या फिरत राहतात. म्हणून दिवे पात्यांच्या खाली आणावे लागतात, समजा बाकापासून दोन मीटर उंचीवर. दोन ओळींतलं अंतर तीन मीटर, म्हणजे उंचीच्या दीडपट. इतक्या अंतराला ओळींच्या मधला पट्टा आणि कोपरे अंधारतात. कोपऱ्यातल्या बाकावर १५० लक्सच भरले, तर सर्वांत कमी आणि सरासरी यांचं गुणोत्तर ०.४७ येतं. युरोपीय मानक वर्गासाठी किमान ०.६ मागतं.

यावर जास्त वॅटचे दिवे लावणं हा उपाय नव्हे. त्याने सरासरी वाढेल, गुणोत्तर तसंच राहील. तेवढाच प्रकाश लहान तुकड्यांत वाटायचा. २० वॅटच्या, २,००० ल्युमेनच्या पंधरा ट्यूब, पाच-पाचच्या तीन ओळींत. ओळींतलं अंतर २.२ मीटर आणि कडेची ओळ भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर. एकूण ल्युमेन ३०,००० आणि वीज ३०० वॅट, म्हणजे आधीपेक्षा कमीच.

भिंती मळून ६० टक्क्यांचे ५० झाले, तर याच दिव्यांतून २५० लक्सच मिळतात. अशा वेळी दिवे वाढवण्याआधी रंग द्यावा.

तपासणी अंधार पडल्यावर करावी. लक्समीटर बाकाच्या उंचीवर धरून साऱ्या वर्गात सारख्या अंतरावर नोंदी घ्याव्यात, कोपऱ्यांतल्याही. नव्या दिव्यांची सरासरी ३७५ च्या आसपास यायला हवी. पहिल्याच दिवशी ३०० भरली, तर दिवे जुने होईपर्यंत ती २४० वर उतरेल.