‘समाधान होईपर्यंत बदल’ ही अट करारात का नको? मुक्त व्यावसायिकांच्या कराराची एक दुरुस्ती

बंगळुरू : संकेतस्थळाची रचना, लेखन, अनुवाद, चित्रफितींचे संपादन अशी कामे बंगळुरूतील अनेक लहान-मोठ्या कंपन्या कायमस्वरूपी कर्मचाऱ्यांऐवजी फ्रीलान्सर, म्हणजेच मुक्त व्यावसायिकांकडून करून घेतात. या व्यवहारातील करार बहुधा दीड-दोन पानांचा असतो आणि त्यातील एकाच परिच्छेदात कामाची व्याप्ती, दुरुस्त्या व मोबदला हे तिन्ही विषय उरकलेले असतात. वाद उद्भवतो तो बहुतेक वेळा याच परिच्छेदावरून. तो कसा सुधारावा, हे एका काल्पनिक पण नेहमी आढळणाऱ्या उदाहरणावरून पाहता येईल.

समजा, कोरमंगला येथील एका नवउद्योगाने एका रचनाकार महिलेला संकेतस्थळाचे काम १,२०,००० रुपयांना दिले. करारातील अट अशी : ‘रचनाकार कंपनीच्या संकेतस्थळाची संपूर्ण रचना करील आणि कंपनीचे समाधान होईपर्यंत आवश्यक ते बदल करून देईल. संकेतस्थळ सुरू झाल्यावर ३० दिवसांत मोबदला देण्यात येईल.’

वाचताना ही अट सरळ वाटते. मात्र तिच्यातील तीन शब्दप्रयोग धोक्याचे आहेत : ‘संपूर्ण’, ‘समाधान होईपर्यंत’ आणि ‘सुरू झाल्यावर’. पहिल्याने कामाची सीमा नाहीशी होते, दुसऱ्याने कामाचा शेवट नाहीसा होतो आणि तिसऱ्याने पैसे मिळण्याचा दिवस रचनाकाराच्या हातून निसटतो. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २९ नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो निरर्थक ठरतो. न्यायालये सहसा करार मोडीत काढण्याऐवजी त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न करतात. पण तो अर्थ लावून घेण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागणे, हाच लहान कामातला मोठा तोटा असतो.

व्याप्तीपासून सुरुवात करू. ‘संपूर्ण रचना’ या शब्दांऐवजी मोजता येईल असे वर्णन हवे : ‘मुख्यपृष्ठासह आठ पानांची रचना, प्रत्येकी संगणक व मोबाइल या दोन आकारांत, अंतिम स्वरूप फिग्मा फाइल, पानांची नावे परिशिष्ट ‘अ’ प्रमाणे.’ त्यालगतच काय समाविष्ट नाही, हेही लिहावे : ‘मजकूरलेखन, छायाचित्रे, प्रोग्रामिंग आणि अन्य भाषांतील आवृत्ती यांचा यात समावेश नाही.’ वगळलेल्या गोष्टींचे हे वाक्य लिहिण्यास अनेकजण संकोचतात, कारण कामाच्या आरंभीच नकारघंटा वाजवल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात वाद समाविष्ट गोष्टींवरून क्वचितच होतो. तो न लिहिलेल्या गोष्टींवरूनच होतो.

बंगळुरूमध्ये याचे ठळक उदाहरण म्हणजे कन्नड आवृत्ती. इंग्रजी संकेतस्थळाची रचना पूर्ण होत आली की ‘आता हेच कन्नडमध्येही करून द्या, फक्त मजकूर तर बदलायचा आहे’ अशी विनंती येते. कंपनीला ती प्रामाणिकपणे किरकोळ वाटते. परंतु कन्नड जोडाक्षरांतील दुसरे व्यंजन खाली लिहिले जात असल्याने दोन ओळींमध्ये अधिक अंतर ठेवावे लागते, लांब शब्द बटणांत मावत नाहीत आणि शीर्षकांची मोडणी नव्याने करावी लागते. आठही पाने पुन्हा हाताखालून घालावी लागतात. हे काम मूळ रकमेत धरायचे की नाही, हे आधी ठरलेले नसेल तर दोन्ही बाजूंना आपलीच फसवणूक झाल्यासारखे वाटते.

दुसरा मुद्दा दुरुस्त्यांचा. आणि सर्वांत अधिक काळजी येथेच घ्यावी लागते. अनेक करारांत ‘दोन वेळा दुरुस्ती मोफत’ एवढेच लिहून समाधान मानले जाते. ते पुरेसे नाही. एका ई-मेलमधून आलेल्या तीस सूचना ही एक दुरुस्ती की तीस? विपणन प्रमुखांनी सोमवारी आणि संस्थापकांनी गुरुवारी परस्परविरोधी सूचना पाठवल्या, तर त्या एका फेरीत मोजायच्या की दोन? त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘बदल’ या एकाच शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी झाकल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे चूक. ठरलेल्या वर्णनाशी काम जुळत नसेल, उदाहरणार्थ एका पानाचा मोबाइल आकार राहून गेला असेल, तर तो रचनाकाराचा दोष आहे. तो विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे आणि फेरीत मोजला जाता कामा नये. दुसरी गोष्ट म्हणजे दुरुस्ती : मान्य झालेल्या दिशेतच रंग, अंतर, क्रम वा आकार बदलणे. यासाठी दोन फेऱ्या राखाव्यात. तिसरी गोष्ट म्हणजे नवे काम : नववे पान, कन्नड आवृत्ती किंवा एकदा मंजूर झालेली मुख्यपृष्ठाची कल्पना टाकून देऊन नवी मागणे. याला वेगळा दर हवा. हा भेद करारात असला की चर्चा ‘तुम्ही आडमुठेपणा करता’ या वळणावर न जाता ‘हे तिसऱ्या प्रकारात बसते का’ या प्रश्नावर येते.

सुधारलेली अट अशी लिहिता येईल : ‘प्रत्येक टप्प्यावर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मोबदल्यात समाविष्ट आहेत. एक फेरी म्हणजे कंपनीने नेमलेल्या एकाच प्रतिनिधीने, काम मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत, ई-मेलने पाठवलेली सूचनांची एकत्रित यादी. मंजूर टप्प्यात फेरबदल किंवा परिशिष्ट ‘अ’ बाहेरील काम हे नवे काम समजले जाईल. त्यासाठी प्रतिपान ९,००० रुपये किंवा प्रतितास १,२०० रुपये आकारले जातील आणि कंपनीच्या लेखी संमतीनंतरच ते सुरू होईल.’ यातील ‘एकाच प्रतिनिधीने’ हे शब्द सर्वांत मोलाचे आहेत. कंपनीच्या आतील मतभेद कंपनीतच मिटवून मग बाहेर सूचना पाठवण्याचे दायित्व त्यामुळे योग्य जागी जाते.

कंपनीच्या बाजूनेही एक वाक्य असणे न्याय्य ठरते. पहिला आराखडा ठरलेल्या मुदतीत, समजा पंधरा कामकाजाच्या दिवसांत, मिळाला नाही तर करार रद्द करून आगाऊ रक्कम परत मागण्याचा अधिकार कंपनीला असावा. एकतर्फी अट सही करताना खुपते आणि कंपनीचा विधी सल्लागार बहुधा ती खोडूनच टाकतो.

तिसरा मुद्दा मोबदल्याच्या वेळापत्रकाचा. ‘संकेतस्थळ सुरू झाल्यावर’ पैसे देण्याची अट रचनाकारासाठी घातक आहे, कारण संकेतस्थळ सुरू करणे तिच्या हातात नाही. प्रोग्रामर उशीर करील, कंपनी नाव बदलेल किंवा निधी आटेल. तिचे काम मात्र महिन्यांपूर्वी संपलेले असेल. म्हणून हप्ता तिच्या स्वतःच्या कृतीशी जोडावा : करारावर सही होताच ४० टक्के म्हणजे ४८,००० रुपये, मुख्यपृष्ठ मंजूर झाल्यावर ३० टक्के म्हणजे ३६,००० रुपये, आणि अंतिम फाइल सुपूर्द केल्यावर उरलेले ३६,००० रुपये. प्रत्येक बिल पंधरा दिवसांत चुकते करावे. वस्तू व सेवा कर लागू असल्यास तो वेगळा आणि उद्गम कर नियमानुसार कापला जाईल, हेही नोंदवावे. अन्यथा बँकेत आलेली कमी रक्कम पाहून विनाकारण संशय निर्माण होतो.

तरीही ‘मंजूर झाल्यावर’ या शब्दांत एक पळवाट उरते. कंपनीने होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही, तर? यासाठी ‘सात कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास टप्पा मंजूर समजला जाईल’ असे लिहावे. ही कल्पना कायद्याला परकी नाही. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सेवा दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिली तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो.

उद्यम नोंदणी केलेल्या मुक्त व्यावसायिकाला हा अधिनियम आणखी एक आधार देतो. करारात काहीही मुदत लिहिली, तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांपेक्षा अधिक काळ देयक लांबवता येत नाही. मुदत लिहिलीच नसेल तर १५ दिवसांचा नियम लागू होतो. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक दर ५.५ टक्के धरला तर व्याजदर १६.५ टक्के होतो आणि अडकलेल्या ३६,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज ४९५ रुपये येते. रक्कम फार मोठी नाही. पण आयकर कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीमुळे, मुदतीबाहेर राहिलेले असे देयक कंपनीला ते प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. कंपनीच्या लेखा विभागाला ही गोष्ट व्याजापेक्षा लवकर उमगते. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. मात्र ती कराराच्या आधी केलेली असावी, कारण नंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहाराला मिळतो का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत.

मुक्त व्यावसायिकांसाठीच स्वतंत्र कायदा भारतात नाही. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून असा कायदा असून त्यानुसार ८०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या कामासाठी लेखी करार बंधनकारक आहे आणि देय तारीख लिहिलेली नसल्यास काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. भारतात हे संरक्षण करारातील शब्दांतूनच उभारावे लागते.

शेवटच्या हप्त्याला स्वामित्वहक्काची जोड देता येते : ‘संपूर्ण मोबदला मिळताच रचनेचे हक्क कंपनीकडे, जगभरासाठी व कायमस्वरूपी, हस्तांतरित होतील.’ हे वाक्य कंपनीच्याही हिताचे आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतर लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. कालावधी लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. परदेशी ग्राहक शोधणाऱ्या कंपनीला ही त्रुटी महागात पडू शकते.

अट कितीही नेटकी असली, तरी ती वागणुकीने सैल होते. तिसरी फेरी रचनाकाराने काही न बोलता मोफत करून दिली, तर चौथ्या वेळी ‘तुम्हीच आधी करून दिलेत’ हा युक्तिवाद उभा राहतो; करार कायद्याच्या कलम ६३ नुसार आपला हक्क सोडून देण्याची मुभाही प्रत्येकाला आहे. सवलत द्यायचीच असेल तर ‘ही तिसरी फेरी, नेहमीचा आकार ६,००० रुपये, यावेळी शून्य’ असे बिल पाठवावे. व्हॉट्सॲपवर ‘जरासा’, ‘फक्त’, ‘पाच मिनिटांचे’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या सूचना दिसू लागल्या की व्याप्ती पसरू लागल्याचे ओळखावे आणि त्याच दिवशी त्यांचा सारांश ई-मेलने पाठवून त्या कोणत्या प्रकारात मोडतात, हे विचारावे.

एवढे करूनही देयक अडलेच, तर उद्यम नोंदणीधारकाला कर्नाटकातील सूक्ष्म व लघू उपक्रम सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. तेथे प्रथम समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसल्यास प्रकरण लवादाकडे जाते. अर्जासोबत स्वाक्षरी केलेला करार, बिले, फाइल सुपूर्द केल्याचे ई-मेल आणि फेऱ्यांच्या एकत्रित याद्या तारीखवार जोडाव्यात.