न सकारलेले कार्ड : ‘05’ या उत्तराचा अर्थ

म्हसवडच्या श्रीसिद्धनाथाचा रथोत्सव मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असतो. थंडी नुकतीच पडू लागलेली असते आणि माण तालुक्यातील कापड-दुकानदाराला स्वेटर, शाली, कानटोप्या यांचा माल त्याआधी दुकानात आणून ठेवावा लागतो. असाच एक दुकानदार रात्री नऊच्या सुमारास लुधियानाच्या एका घाऊक विक्रेत्याच्या संकेतस्थळावर 38,400 रुपये भरावयास बसला. खात्यात लाखाच्या वर शिल्लक होती. डेबिट कार्डाचा क्रमांक भरला, ओटीपी आला, तोही बिनचूक भरला. आणि पडद्यावर एवढेच उमटले :

`Error 05: Do not honor`

त्याने तेच पुन्हा केले. एकूण पाच वेळा केले. शेवटी मालाची मागणी कमी करून 18,000 रुपये भरून पाहिले, तरीही उत्तर तेच. विक्रेता म्हणाला, “तुमच्या बँकेला विचारा.” सकाळी शाखेत फोन केला, तर तेथील उत्तर : “खाते व्यवस्थित आहे, आमच्याकडे काही अडचण नाही.” यात्रा तोंडावर आलेली, माल लुधियानात, पैसे खात्यात, आणि दोष कोणाचा ते सांगणारा कोणी नाही.

या दोन अंकांचा अर्थ आपल्या वाडवडिलांना चटकन कळला असता. हुंडी आली की पेढीवाला ती सकारी, किंवा सकारीत नसे. ‘Do not honor’ म्हणजे नेमके तेच : ‘सकारू नका’. फरक एवढाच की, पेढीवाल्याला समोरासमोर कारण विचारता येई. यंत्र कारण सांगत नाही.

आपण रक्कम भरतो तेव्हा निरोप दुकानाच्या संकेतस्थळावरून पेमेंट गेटवेकडे, तेथून विक्रेत्याच्या बँकेकडे, मग रुपे किंवा व्हिसासारख्या जाळ्यातून आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्याच वाटेने दोन अंकांचे उत्तर काही सेकंदांत परत येते. 51 म्हणजे शिल्लक अपुरी, 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली, 61 म्हणजे ठरलेल्या मर्यादेहून रक्कम जास्त, 91 म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. या उत्तरांना कारण आहे. 05 ला मात्र कारण नाही. कार्ड देणाऱ्या बँकेने नकार दिला, इतकेच ते सांगते.

बँक कारण का लपवते? एक कारण सावधगिरीचे आहे. चोरलेल्या कार्डांचे क्रमांक तपासून पाहणाऱ्या भामट्याला नेमके काय चुकले हे कळले, तर तो तेवढेच सुधारून पुन्हा येईल. दुसरे कारण साधे आहे : काही बँकांच्या यंत्रणेत निरनिराळे नकार एकाच 05 च्या गाठोड्यात बांधून पाठवले जातात. पुढे गेटवे किंवा विक्रेत्याचे संकेतस्थळ तेही पुसून केवळ ‘व्यवहार अयशस्वी’ असे दाखवते.

म्हणून दोष कोठे आहे हे आपल्यालाच दोन परीक्षांनी शोधावे लागते. पहिली : तेच कार्ड दुसऱ्या ठिकाणी लहान रकमेसाठी वापरून पाहावे. दुसरी : त्याच विक्रेत्याकडे दुसऱ्या बँकेचे कार्ड वापरून पाहावे. ओटीपीचे पान उघडण्यापूर्वीच व्यवहार तुटला, तर बहुधा विक्रेत्याची किंवा गेटवेची बाजू पाहावी, अथवा कार्डाची ऑनलाइन सुविधाच बंद असावी. ओटीपी बरोबर भरल्यानंतर 05 आला, तर निर्णय कार्ड देणाऱ्या बँकेकडे झालेला असतो.

आपल्या दुकानदाराने सकाळी दोन्ही परीक्षा केल्या. त्याच कार्डावरून मोबाइलचा लहानसा रिचार्जही होईना. पत्नीचे दुसऱ्या बँकेचे कार्ड लुधियानाच्या संकेतस्थळावर वापरले, तर 51 आले. तिच्या खात्यात तेवढी रक्कम नव्हतीच. हा नकारही उपयोगी ठरला, कारण त्या संकेतस्थळावरून निरोप बँकेपर्यंत नीट पोहोचतो हे त्यातून कळले. विक्रेता निर्दोष होता.

मग तो शाखेत गेला आणि त्याने प्रश्न बदलला. “माझे खाते ठीक आहे का?” असे न विचारता, “या कार्डाची ऑनलाइन खरेदीची दैनिक मर्यादा किती आहे, आणि काल रात्रीचा व्यवहार कोणत्या कारणाने नाकारला?” असे विचारले. तारीख, वेळ आणि रक्कम कागदावर लिहून दिली. शाखेने कार्ड विभागाला विचारले, तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. कार्डाची ऑनलाइन मर्यादा दिवसाला 25,000 रुपये होती, म्हणून 38,400 नाकारले गेले; वास्तविक तेथे 61 यावयास हवे होते. पुढे तासाभरात पाच वेळा तोच प्रयत्न झाल्याने यंत्रणेला फसवणुकीचा संशय आला आणि तिने कार्ड तात्पुरते रोखले. म्हणून 18,000 ही गेले नाहीत. कारणे दोन, उत्तर एकच. दुसरे कारण तर त्याच्याच हाताने उभे राहिले होते. मर्यादा वाढवली, रोख उठली, आणि दुपारी पहिल्याच प्रयत्नात रक्कम गेली.

या मर्यादांचे मूळ रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या परिपत्रकात आहे. ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्ड देताना ते देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्र यांपुरतेच चालू असते. ऑनलाइन वापर धारकाने स्वतः सुरू करावा लागतो आणि त्याची मर्यादाही तो ठरवू शकतो. कार्ड बदलून आले की ही सुविधा पुन्हा सुरू करावयाची राहून जाते, आणि खात्यात पैसे असूनही नकार येतो.

कधी दोष ना आपला असतो, ना विक्रेत्याचा. लहान सहकारी बँकांची संगणकयंत्रणा पुष्कळदा बाहेरची कंपनी सांभाळते. 31 जुलै 2024 रोजी अशाच सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाल्यामुळे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून काही काळ तोडले, आणि सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. अशा वेळी सारी कार्डे एकदम अडतात. एकाच बँकेच्या शेजाऱ्याला विचारले की हे उमगते. तेथे थांबणे किंवा दुसऱ्या बँकेतून रक्कम पाठवणे एवढाच उपाय असतो.

सर्वांत अधिक नुकसान नकाराने होत नाही. ते रक्कम दोनदा भरल्याने होते. खात्यातून पैसे वजा झाले आणि विक्रेत्याकडे पोहोचल्याचे दिसेना, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. आधी खातेउतारा पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे कार्डाच्या अशा ऑनलाइन व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत आली पाहिजे. उशीर झाल्यास प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई खात्यात जमा व्हावी. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाच पुरावा असतो, म्हणून पडद्यावरचा नकार पुसण्याआधी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

लुधियानाचा माल रथोत्सवाच्या चार दिवस आधी म्हसवडला पोहोचला. दुकानदाराने आता आपल्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक कार्डापुढे त्याची ऑनलाइन मर्यादा लिहून ठेवली आहे, आणि त्याखाली एक ओळ : दोनदा नकार आला की तिसरा प्रयत्न करू नये, शाखेत विचारावे.