जादा आलेले पैसे परत करताना अडकलेली खाती

एप्रिल महिन्यात जयंतीचे बॅनर करून देणारी आपली अनेक मुलं-मुली पुढे वर्षभर तेच काम ऑनलाइन शोधतात. मोबाइलवर किंवा जुन्या लॅपटॉपवर डिझाइन शिकलेली, भाषांतर किंवा टायपिंग करणारी ही मुलं. घरातून या कामाची वाट दाखवणारं कोणी नसतं, कारण घरातल्या कोणीच असं काम केलेलं नसतं. आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथल्या विहाराच्या अभ्यासिकेत येणारी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी अशीच. तिच्या बाबतीत जे घडलं ते तिच्या परवानगीने, नाव न देता सांगतो आहोत. अशी फसवणूक झाली की आपण फसलो आहोत हेच कित्येक दिवस कळत नाही, म्हणून ते तपशिलात सांगावं लागेल.

तिला व्हॉट्सॲपवर एक निरोप आला. फेसबुकवरच्या एका ग्रुपमध्ये तुमचं काम पाहिलं, आमच्या कोचिंग क्लासला एक लोगो आणि दहा पोस्ट हव्या आहेत. दर तिनेच सांगितला, ६,००० रुपये. समोरच्याने घासाघीस केली नाही. दोन नमुने पाहून लगेच होकार दिला आणि ॲडव्हान्स पाठवतो म्हणाला. संध्याकाळी खात्यात ४६,००० रुपये जमा झाले. पाच मिनिटांत फोन आला, "मॅडम, अकाउंटवाल्याने चुकून आकडा वाढवला. दोन हजार तुम्ही त्रासाबद्दल ठेवून घ्या, बाकीचे ३८,००० परत करा. आजच्या आज करा, नाहीतर त्या पोराची नोकरी जाईल." पैसे परत पाठवायला त्याने दोन यूपीआय आयडी दिले. एकावर २०,००० आणि दुसऱ्यावर १८,००० पाठवायला सांगितले.

आमच्या या मुलीने घाई केली असं म्हणता येणार नाही. तिने बँकेचं ॲप उघडून शिल्लक पाहिली होती. पैसे खरोखर आलेले होते. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे राहू नयेत, एका गरीब पोराची नोकरी आपल्यामुळे जाऊ नये, या प्रामाणिक भावनेने तिने ते पाठवले. पाचव्या दिवशी एटीएममधून पैसे निघेनात. शाखेत गेल्यावर कळलं की दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून तिच्या खात्यावर ४६,००० रुपयांचा होल्ड लागला आहे. खात्यात त्या वेळी १९,४०० रुपये होते. त्यांतले ८,००० त्या माणसाकडून आलेले आणि ११,४०० शिष्यवृत्तीचे. शिल्लक होल्डपेक्षा कमी असल्याने सगळीच अडकली. पुढे जे काही जमा होईल तेही होल्डची रक्कम भरेपर्यंत अडकणार होतं.

ते ४६,००० रुपये कुठल्या कोचिंग क्लासचे नव्हतेच. कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाची फसवणूक झाली होती आणि त्याला पैसे पाठवायला लावताना ठगांनी तिचा खाते क्रमांक दिला होता. म्हणजे लुटीचा पैसा आधी तिच्या खात्यात आला आणि तिच्या हाताने पुढे ठगांच्या खात्यात गेला. त्या माणसाने १९३० या क्रमांकावर तक्रार केली, तेव्हा पैशाचा माग काढणाऱ्या यंत्रणेला पहिलं खातं तिचं दिसलं. ही यंत्रणा पैसा कुठून कुठे गेला एवढंच पाहते. खातेदाराच्या मनात काय होतं हे तिला कळत नाही. ठगांना नवा फ्रीलान्सर यासाठीच हवा असतो. त्याचं खातं खरं असतं, केवायसी पूर्ण असते, आणि पोलीस दारात आले तर ते त्याच्या दारात येतात.

मग ओळखायचं कसं? खात्यात पैसे आले की नाही एवढं पाहणं पुरेसं नाही. पैसे कोणाच्या नावाने आले ते स्टेटमेंटमध्ये पाहा. आमच्या मुलीच्या स्टेटमेंटमध्ये एका अनोळखी बाईचं नाव होतं. क्लासचंही नाही, फोनवर बोलणाऱ्याचंही नाही. दुसरी खूण याहून पक्की आहे. पैसे जिथून आले तिथे परत न मागता दुसऱ्याच खात्यावर किंवा यूपीआय आयडीवर मागितले, तर तिथेच थांबायचं. ज्याच्याकडून खरोखर चुकून जास्त पैसे गेले, त्याला ते आपल्याच खात्यात हवे असतात. "कंपनीचं खातं बंद आहे", "साहेबांच्या मिसेसच्या खात्यावर टाका" ही कारणं ऐकून घ्या, पण पैसे हलवू नका.

अशा वेळी समोरच्याला एकच उत्तर लिहून पाठवायचं: "मी माझ्या बँकेला कळवते आहे, तुम्ही तुमच्या बँकेत चुकीच्या व्यवहाराची तक्रार करा, बँक पैसे मूळ खात्यात परत करील." मग खरोखरच शाखेत लेखी अर्ज द्यायचा. त्यात रक्कम, तारीख, बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक आणि "हे पैसे माझे नाहीत, ते ज्या खात्यातून आले तिथे परत पाठवावेत" एवढं लिहायचं. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. पुढे पोलिसांचा प्रश्न आलाच, तर ही शिक्क्याची प्रत तुमच्या बाजूने बोलते. तोवर त्या पैशातला एक रुपयाही खर्च करायचा नाही, कामाच्या मोबदल्याचा भाग धरूनसुद्धा. खरा गिऱ्हाईक या उत्तराने चिडत नाही. ठग मात्र आधी विनवतो, मग पोलिसांची धमकी देतो आणि शेवटी गायब होतो.

याच फसवणुकीचा एक स्वस्त प्रकारही फिरतो. त्यात पैसे आलेलेच नसतात. बँकेच्या मेसेजसारखा दिसणारा एक मेसेज येतो, पण तो साध्या दहा अंकी मोबाइल नंबरवरून आलेला असतो. मेसेजवर विश्वास न ठेवता ॲपमध्ये शिल्लक पाहिली की हा प्रकार तिथेच संपतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आधी पैसे मागणारे

नोकरीच्या नावाने आधी पैसे मागणारे जास्त भेटतात, पण ते ओळखायला सोपे आहेत. नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग किट, पोलीस व्हेरिफिकेशन, जीएसटी अशी नावं बदलत राहतात. पैसा कुठल्या दिशेने चालला आहे एवढंच पाहायचं. काम देणारा कर आधी मागून घेत नाही. टीडीएस लागू असेल तर तो तुमच्या बिलातून कापतो. इथे एक गफलत होते ती सांगायला हवी. अपवर्कसारख्या साइटवर प्रस्ताव पाठवण्यासाठी 'कनेक्ट्स' विकत घ्यावे लागतात, आणि तो व्यवहार खरा आहे. पण ते पैसे साइटला जातात, काम देणाऱ्याला नाही. त्याच साइटवर भेटलेला माणूस करार होण्याआधीच "टेलिग्रामवर या, तिथे बोलू" म्हणाला, तर त्याला साइटची देखरेख नको आहे.

कंपनी खरी आहे का हे mca.gov.in वर नाव टाकून आणि gst.gov.in वर जीएसटी क्रमांक टाकून पाहता येतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. पण यावर फार विसंबू नका. खऱ्या कंपनीचं नाव आणि खरा जीएसटी क्रमांक ऑफर लेटरवर छापायला ठगाला काही खर्च येत नाही. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन नंबर काढून तिथे विचारावं, पत्रावर छापलेल्या नंबरवर नाही.

डेटा एन्ट्रीच्या कामातली वकिली नोटीस हा यातला सगळ्यात दुष्ट प्रकार आहे. आधी फी मागत नाहीत. ऑनलाइन करार करून घेतात, पाचशे फॉर्म चार दिवसांत अमुक टक्के अचूकतेने भरायला देतात आणि शेवटी "तुम्ही नापास" म्हणतात. मग वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस येते: करारभंगाचे आठ-दहा हजार भरा, नाहीतर अटक. घरात पोलिसांचं नाव काढलं तरी आईच्या पोटात गोळा येतो, आणि उसनवारी करून पैसे भरले जातात. वकिलाची नोटीस हा कोर्टाचा आदेश नसतो. करार मोडला हा दिवाणी वाद आहे, तेवढ्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. आणि १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे फसवून घेतलेली संमती फसवला गेलेला माणूस रद्द ठरवू शकतो. अशा नोटिशीला पैसे भरून उत्तर देऊ नका. ती आणि सगळं चॅट जपून ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा. उद्या कोर्टाचं समन्स खरोखरच आलं, तर मात्र ते दुर्लक्षून चालणार नाही. वकिलाला गाठा.

खातं अडकलं तर

आधी बँकेकडून लेखी घ्या: कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलीस ठाण्याची तक्रार, तिचा पोचपावती क्रमांक, आणि वादातली रक्कम किती. "वरून आदेश आहे" हे उत्तर घेऊन परतू नका. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने अर्ज करा आणि सोबत पूर्ण चॅट, केलेल्या डिझाइनच्या फाइल, पैसे पुढे पाठवल्याच्या पावत्या आणि ते दोन्ही यूपीआय आयडी जोडा. चॅट पुसून टाकू नका. लाजेपोटी पहिल्यांदा तेच केलं जातं, आणि आपला पुरावा आपणच घालवतो. बँकेने वादातल्या रकमेऐवजी अख्खं खातंच बंद केलं असेल, तर लेखी हरकत घ्या. गोठवणं वादातल्या रकमेपुरतंच असावं अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घेतली आहे. त्या निकालाचा उल्लेख अर्जात करता येतो. अधिकारी दाद देत नसेल तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो. याला महिने लागू शकतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

या अर्जासाठी वकिलाची फी नाही म्हणून कोणी घरी बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न घालता. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जायचं. आमच्या या मुलीचा अर्ज तिथल्याच वकील ताईंनी तयार करून दिला. शिष्यवृत्तीचे ११,४०० तिला साडेतीन महिन्यांनी मोकळे करून मिळाले. ८,००० वरचा होल्ड अजून आहे, आणि तो राहणं बरोबरच आहे, कारण ते पैसे त्या अनोळखी बाईचे आहेत.

आता ती कामाचे पैसे वेगळ्या खात्यात घेते. दुसरं खातं उघडताना तिला एक गोष्ट सांभाळावी लागली, ती तुम्हीही सांभाळा. बँकेच्या फॉर्ममध्ये थेट लाभाची रक्कम या खात्यात घ्यायची का, असा एक चौकोन असतो. त्यावर खूण केली की आधार नव्या खात्याला जोडलं जातं आणि महाडीबीटीची शिष्यवृत्ती तिकडे वळते. तो चौकोन तिने रिकामा ठेवला.